चेंडूचा स्वभाव

टप्पे खाणारा चेंडू हा ॲनिमेशनच्या जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमातला पहिला धडा असतो. चेंडूला डोळे नसतात, तोंड नसते, हातपाय नसतात. त्यामुळे चेहऱ्यावरच्या हावभावांचा आधार विद्यार्थ्याला घेता येत नाही. वर्तुळ कोणालाही काढता येते. ते रबराचे आहे की लोखंडाचे, ते हौसेने उडी मारते आहे की भीत भीत, हे मात्र दोनच गोष्टींतून दाखवावे लागते. लागोपाठच्या चित्रांमधले अंतर कसे वाढत किंवा कमी होत जाते, ही पहिली गोष्ट. वर्तुळाचा आकार कधी आणि किती मोडतो, ही दुसरी. पहिलीला ईझ-इन आणि ईझ-आउट म्हणतात, दुसरीला स्क्वॉश आणि स्ट्रेच.

या दोन्ही युक्त्या वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत १९३० च्या दशकात घडत गेल्या. त्या स्टुडिओतले दोन जुने ॲनिमेटर, फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन, यांनी १९८१ मध्ये ‘द इल्युजन ऑफ लाइफ’ या ग्रंथात ॲनिमेशनची बारा तत्त्वे मांडली. त्यांत स्क्वॉश आणि स्ट्रेचला पहिले स्थान आहे. ईझ-इन आणि ईझ-आउट तिथे ‘स्लो इन’ आणि ‘स्लो आउट’ या नावांनी येतात. १९८७ मध्ये पिक्सारच्या जॉन लॅसेटर यांनी हीच तत्त्वे संगणकावरच्या त्रिमिती ॲनिमेशनला कशी लावायची, हे एका शोधनिबंधात दाखवले. डिस्नेच्या कामाची ही शिस्त मुंबईत त्याआधीच येऊन पोचली होती. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले आणि राम मोहन यांच्यासारखे ॲनिमेटर त्यांच्या हाताखाली तयार झाले.

सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम जातात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम दाखवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे पुरतात. आता कागदावर ३ सेंटिमीटर व्यासाचा एक चेंडू घ्यावा. तो १८ सेंटिमीटर वरून जमिनीवर पडतो आणि पडायला अर्धा सेकंद, म्हणजे १२ फ्रेम घेतो, असे ठरवावे. वरची सुरुवातीची जागा सोडली तर खाली येईपर्यंत सहा चित्रे लागतील. नवशिक्याचा पहिला विचार असा असतो की १८ चे सहा समान भाग करावेत आणि दर चित्राला चेंडू ३ सेंटिमीटर खाली आणावा. तसे करून पाहिले तर चेंडू पडत नाही, दोरीने खाली सोडल्यासारखा उतरतो. वेळ बरोबर आहे, उंची बरोबर आहे, तरीही वजन नाही.

वजन येते ते अंतरांच्या चढत्या क्रमातून. खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग सारखा वाढत असतो, आणि समान वेळांत तिने कापलेली अंतरे १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात वाढतात. गॅलिलिओने सतराव्या शतकात मांडलेला हा नियम ॲनिमेटरच्या फार उपयोगाचा आहे. सहा चित्रांसाठी १, ३, ५, ७, ९ आणि ११ यांची बेरीज ३६ होते. १८ सेंटिमीटरचे ३६ भाग केले की एक भाग अर्ध्या सेंटिमीटरचा. म्हणून पहिल्या चित्रात चेंडू अर्धा सेंटिमीटर उतरतो, दुसऱ्यात दीड, तिसऱ्यात अडीच, मग साडेतीन, साडेचार आणि शेवटी साडेपाच. वरून मोजले तर जागा होतात ०.५, २, ४.५, ८, १२.५ आणि १८ सेंटिमीटर. या खुणा पट्टीने लावून चेंडू काढला की तो खरोखर पडतो. हळू सुरुवात करून वेग घेत जाण्याच्या या रचनेला येथे ईझ-इन म्हटले आहे. टप्पा खाऊन चेंडू वर जातो तेव्हा हाच क्रम उलटा लागतो: आधी मोठी अंतरे, मग लहान लहान होत शिखराशी जवळपास शून्य. तो ईझ-आउट.

याच आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. सहापैकी तीन चित्रे संपतात, म्हणजे निम्मा वेळ जातो, तेव्हा चेंडू फक्त ४.५ सेंटिमीटर खाली आलेला असतो. १८ चा हा पाव हिस्सा. वर जातानाही तसेच. म्हणजे एका टप्प्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंतच्या वेळातला निम्मा वेळ चेंडू आपल्या उसळीच्या वरच्या पाव भागातच काढतो. शिखरावर तो क्षणभर तरंगल्यासारखा वाटतो तो यामुळेच. चेंडूला वर रेंगाळू द्यायचे म्हणून अनेक विद्यार्थी शिखराचे चित्र मुद्दाम चार-सहा फ्रेम रोखून धरतात. त्याची गरज नसते. अंतरे नीट लावली तर रेंगाळणे आपोआप येते, आणि रोखून धरले तर चेंडू अदृश्य खिळ्याला टांगल्यासारखा दिसतो.

संगणकावर हे काम पट्टीऐवजी वक्ररेषेने होते. ब्लेंडर किंवा मायासारख्या सॉफ्टवेअरमध्ये चेंडू वर असतानाची आणि जमिनीवर असतानाची फ्रेम, म्हणजे की-फ्रेम, ठरवून दिल्या की मधल्या फ्रेम यंत्र भरते. ग्राफ एडिटरमध्ये आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर उंची दिसते. रेषा जिथे तीव्र उतरते तिथे वेग जास्त, जिथे आडवी होते तिथे वेग शून्य. टप्पे खाणाऱ्या चेंडूची रेषा शिखरांवर घुमटासारखी गोल आणि जमिनीवर इंग्रजी V सारखी टोकदार असली पाहिजे. अडचण अशी की ब्लेंडर स्वतःहून प्रत्येक की-फ्रेमपाशी रेषा गुळगुळीत करतो. शिखरावर ते योग्य असते, पण जमिनीवरही तसेच झाले की चेंडू जमिनीजवळ येताना हळू होतो, अलगद टेकतो आणि हळूच वर निघतो. नवशिक्यांच्या कामात सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच, आणि तो ओळखायला अगदी सोपा आहे: चेंडू गादीवर पडल्यासारखा वाटतो, आणि ग्राफमध्ये खालची टोके वाटीसारखी गोल दिसतात.

उपाय म्हणून जमिनीवरच्या की-फ्रेम निवडून ब्लेंडरमध्ये `V` दाबतात आणि हँडलचा प्रकार `Vector` करतात. टोक लगेच धारदार होते. पण इथे थांबणे बरे नाही. `Vector` मध्ये चेंडू जमिनीला भिडताना त्याचा वेग साऱ्या पडण्याच्या सरासरी वेगाएवढाच राहतो. खऱ्या पडण्यात तो सरासरीच्या दुप्पट असतो. आधीच्या चित्रांतही हेच दिसते: सरासरी अंतर ३ सेंटिमीटर, शेवटचे साडेपाच. म्हणून प्रकार `Free` करून खालचे हँडल आणखी उभे ओढावे लागते. वेबपानावर चेंडू उडवायचा असेल तर हेच गणित नेमक्या आकड्यांत लिहिता येते. पडताना आणि उसळताना लागणाऱ्या वक्ररेषा अशा:

```
fall: cubic-bezier(0.333, 0, 0.667, 0.333)
rise: cubic-bezier(0.333, 0.667, 0.667, 1)
```

या दोन ओळी गुरुत्वाकर्षणाचा वक्र अचूक काढतात. वेबच्या भाषेत तयार मिळणारे `ease-in` त्याच्या जवळ जाते, पण तंतोतंत तसे नसते. इथे एक सावधगिरी हवी. वेबवर `ease-in` म्हणजे हळू सुरुवात. आफ्टर इफेक्ट्समध्ये मात्र एखाद्या की-फ्रेमला `Easy Ease In` लावले की त्या की-फ्रेमपर्यंत पोचताना वेग मंदावतो, म्हणजे परिणाम नेमका उलटा. नावावर विसंबण्यापेक्षा ग्राफमधल्या रेषेचा उतार पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

पहिला टप्पा जमला की पुढचे टप्पे ठरवायचे. प्रत्येक टप्प्यात चेंडू थोडी ताकद गमावतो, म्हणून उसळी लहान होत जाते, हे सर्वांना ठाऊक असते. उंचीबरोबर वेळही कमी व्हावा लागतो, हे मात्र विसरले जाते. वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो: उंची पाव झाली की वेळ निम्मा. आपला चेंडू दर टप्प्याला आधीच्या उंचीच्या ६४ टक्के उसळतो असे धरले तर ०.६४ चे वर्गमूळ ०.८, म्हणजे वेळ दरवेळी ८० टक्के राहतो. १८ सेंटिमीटरनंतर उसळ्या येतात साधारण साडेअकरा, सव्वासात आणि पावणेपाच सेंटिमीटरच्या. वर जाण्यास किंवा खाली येण्यास लागणाऱ्या फ्रेम १२ वरून साधारण १०, ८ आणि ६. सगळ्या टप्प्यांना १२ च फ्रेम दिल्या तर शेवटच्या छोट्या उसळ्या पाण्याखाली चालल्यासारख्या दिसतात.

याच दोन आकड्यांतून, म्हणजे किती टक्के उसळतो आणि किती वेळात, चेंडू कशाचा आहे हे ठरते. टेनिसच्या नियमांत साधा चेंडू २५४ सेंटिमीटर वरून सोडला तर तो साधारण १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळावा, अशी अट आहे. म्हणजे निम्म्याहून थोडा अधिक. गोळाफेकीच्या लोखंडी गोळ्याला एखादी बोटभर उसळी, तीही दोन-तीन फ्रेमची, आणि मग नुसते घरंगळणे. टेबल टेनिसचा चेंडू कितीतरी टप्पे घेतो आणि शेवटी ते टप्पे इतके जवळ येतात की एकेका फ्रेमचा हिशेब ठेवावा लागतो. तिन्ही ठिकाणी कागदावर काढलेले वर्तुळ एकच असू शकते.

वस्तूचा आकारही वेळच सांगतो. पृथ्वीवर अर्ध्या सेकंदात वस्तू सुमारे १.२ मीटर पडते, म्हणून १२ फ्रेममध्ये पडलेला कागदावरचा चेंडू प्रेक्षकाला टेबलाहून थोड्या अधिक उंचीवरून पडल्यासारखा वाटतो. त्याच १८ सेंटिमीटरला ४८ फ्रेम दिल्या, तर प्रेक्षकाच्या नजरेला तो सुमारे २० मीटर वरून कोसळणारा भला मोठा शिलाखंड होतो, निदान अंतरांचा क्रम बरोबर असेल तर. शिक्षक एखाद्याच्या चेंडूला ‘तरंगतो आहे’ म्हणतात तेव्हा बहुधा हाच घोळ झालेला असतो: चेंडू लहान दाखवला आहे आणि वेळ मोठ्या वस्तूचा दिला आहे.

आता आकाराकडे वळता येते. जमिनीवर आपटल्यावर चेंडू चपटा होतो तो स्क्वॉश. वेगात असताना प्रवासाच्या दिशेने लांबट होतो तो स्ट्रेच. यांतला स्क्वॉश निसर्गातला आहे, पण फार अल्पजीवी. टेनिसचा चेंडू रॅकेटवर चपटा होऊन सुटतो त्याला साधारण ५ मिलिसेकंद लागतात. सिनेमाची एक फ्रेम जवळपास ४२ मिलिसेकंदांची असते. म्हणजे खऱ्या चेंडूचा चपटेपणा फ्रेममध्ये सापडलाच तर योगायोगाने. ॲनिमेटर त्याला मुद्दाम एक-दोन फ्रेम देतो, प्रत्यक्षाच्या आठ-दहा पटींहून जास्त वेळ, कारण प्रेक्षकाच्या डोळ्याला आघात नोंदवायला तेवढा वेळ लागतो.

स्ट्रेचचे कारण वेगळे आहे. पडणारा खरा चेंडू डोळ्यांना जाणवेल इतका लांबत नाही. पण आपल्या चित्रांकडे पाहावे: शेवटच्या दोन चित्रांत साडेपाच सेंटिमीटरचे अंतर आहे आणि चेंडू ३ सेंटिमीटरचा. दोन प्रतिमांमध्ये अडीच सेंटिमीटरची मोकळी जागा राहते आणि डोळा त्या प्रतिमा जोडू शकत नाही; चेंडू सरकण्याऐवजी दोन जागी लुकलुकतो. वरच्या भागातल्या प्रतिमा एकमेकींवर चढलेल्या असतात, म्हणून तिथे हा त्रास होत नाही. खालच्या एक-दोन चित्रांत चेंडू साडेचार सेंटिमीटर लांब केला की ती फट बुजत येते आणि हालचाल सलग वाटते. कॅमेऱ्याने टिपलेल्या वेगवान वस्तूची प्रतिमा फरफटते, तिचे काम इथे स्ट्रेच करतो. म्हणूनच स्ट्रेच फक्त वेगाच्या जागी हवा. शिखरावर वेग नसतो, तिथे चेंडू पूर्ण गोल असला पाहिजे. शिखरावरही लांबट राहिलेला चेंडू अंड्यासारखा दिसतो, आणि तो अंड्यासारखा दिसला की खाली केलेल्या ताणाचाही काही अर्थ उरत नाही.

आकार मोडताना एक बंधन कधीच सोडायचे नसते: चेंडूतला ऐवज तेवढाच राहिला पाहिजे. डिस्नेच्या ॲनिमेटरांनी यासाठी अर्धवट भरलेल्या पिठाच्या पोत्याचा नमुना डोळ्यांसमोर ठेवला. पोते आदळले तर पसरते, उचलले तर लांबते, पण त्यातले पीठ वाढत नाही की कमी होत नाही. आकड्यांत सांगायचे तर कागदावरचा ३ बाय ३ चा चेंडू साडेचार सेंटिमीटर लांब केला तर तो २ सेंटिमीटर रुंद हवा. चपटा करताना उंची २.४ केली तर रुंदी ३.७५. तिन्ही वेळी गुणाकार ९ च येतो. त्रिमितीत हिशेब बदलतो, कारण चेंडू दोन्ही आडव्या दिशांनी पसरतो. तिथे रुंदी आणि खोली दोन्ही १.२५ पट करायच्या असतील तर उंची ०.८ नव्हे, ०.६४ पट करावी लागते. हे चुकले की प्रत्येक टप्प्याला चेंडू फुगतो किंवा आटतो. सावकाश, एकेक फ्रेम पुढे नेत पाहताना हा दोष चटकन लक्षात येत नाही. पूर्ण वेगाने पाहताना चेंडू श्वास घेतल्यासारखा वाटू लागतो.

जमिनीपाशी चित्रांचा क्रमही महत्त्वाचा आहे. चेंडू हवेतून थेट चपट्या चित्रात गेला तर आघात मऊ वाटतो. त्याऐवजी लांबट चेंडूचे टोक जमिनीला नुसते टेकते आहे असे एक चित्र आधी द्यावे, मग चपटे चित्र, आणि मग पुन्हा लांबट होऊन जमीन सोडणारे. लांबट आणि चपटे शेजारी आले की दोन्हींतला फरक डोळ्यात भरतो, आणि तो फरक म्हणजेच आघात. चपटे चित्र तीन-चार फ्रेमहून जास्त टिकले तर चेंडू जमिनीला चिकटला असे वाटते. या भागात एक चित्र दोन फ्रेम दाखवण्याची सवय सोडून फ्रेमगणिक नवे चित्र देणे चांगले. फरक स्पष्ट दिसतो.

संगणकावर इथे दोन अडथळे येतात. पहिला असा की चेंडू साधारणतः स्वतःच्या केंद्रापासून चपटा होतो, त्यामुळे चपटा होताच त्याचा तळ जमिनीवरून वर उचलला जातो. चपटा करण्याचा बिंदू तळाशी आणला की हे थांबते. दुसरा अडथळा फिरण्याचा. चेंडूवर पट्टा रंगवलेला असेल आणि तो उडताना फिरत असेल, तर चपटेपणाची दिशाही चेंडूबरोबर फिरू लागते आणि तो तिरपाच दाबला जातो. म्हणून जाणकार तीन थर करतात: सर्वांत बाहेरचा थर चेंडूला जागा देतो, मधला त्याला ताणतो किंवा दाबतो, आणि सर्वांत आतला फक्त फिरवतो. ही रचना एकदा तयार केली की चेंडू कसाही फिरला तरी दाब जमिनीलाच समांतर राहतो.

इथवर चेंडू ही एक वस्तू होती. बाहेरून ताकद मिळालेली, आणि ती हळूहळू गमावणारी. तो जिवंत वाटू लागतो तो त्याची ताकद आतून येते असे दिसल्यावर. एखादी उसळी आधीच्या उसळीपेक्षा उंच गेली, की प्रेक्षक तत्क्षणी समजतो की हे रबर नाही, हा कोणीतरी आहे. मात्र कारणाशिवाय उंच गेलेली उसळी चूक वाटते. कारण दाखवण्याचे साधन पुन्हा स्क्वॉशच आहे, फक्त त्याची जागा आणि वेळ बदलते. आपटल्यावरचा स्क्वॉश हा आघाताचा परिणाम असतो आणि एक-दोन फ्रेममध्ये होतो. उडीच्या आधीचा स्क्वॉश हा तयारीचा असतो. चेंडू आपणहून खाली दबतो, सहा, आठ, बारा फ्रेम घेत, ईझ-आउटने मंदावत, क्षणभर थांबत, आणि मग सुटतो. ॲनिमेटर याला अँटिसिपेशन म्हणतात. दबण्याचा वेग आणि थांबण्याचा काळ यांतून चेंडू काय विचार करतो आहे ते कळते.

यातून नवशिक्यांना सहसा उशिरा उमगणारा एक नियम निघतो. जमीन सुटल्यानंतर जिवंत चेंडूही गुरुत्वाकर्षणाच्याच ताब्यात असतो. हवेत त्याचा वक्र निर्जीव चेंडूसारखाच असला पाहिजे. स्वभाव दाखवायची जागा जमिनीवर आहे, उडीच्या आधी आणि उतरल्यानंतर. हवेतली अंतरे मोडून स्वभाव दाखवायला गेले की वजन जाते, आणि वजन गेल्यावर स्वभावावर कोणी विश्वास ठेवत नाही. व्यंगचित्रपटांत हा नियम हेतुपुरस्सर मोडला जातो आणि कधी मोठा हशा पिकवतो, पण तो हशा नियम आधी पाळलेला असतो म्हणूनच येतो.

एक उदाहरण दोन प्रकारे करून पाहता येते. आपला चेंडू टेबलाच्या कडेशी येतो आणि १८ सेंटिमीटर खाली जमिनीवर उडी घेतो. आधी भित्रा चेंडू. तो कडेकडे येतो तो २ सेंटिमीटरच्या छोट्या उड्यांनी. १८ ला १२ फ्रेम, तर २ ला त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ४ फ्रेम वर आणि ४ खाली. प्रत्येक उडीनंतर तो सहा-आठ फ्रेम थांबतो. कडेशी आल्यावर १६ फ्रेम निश्चल. मग त्याचा वरचा भाग कडेबाहेर कलतो, १० फ्रेम घेऊन, दोन्ही टोकांना मंद. तळ मात्र जागचा हलत नाही. तो डोकावून पाहतो आहे, हे डोळे नसतानाही कळते. तिथे ८ फ्रेमचा थांबा, आणि मग अवघ्या ४ फ्रेममध्ये मागे झटका. कलणे संथ आणि मागे येणे झटकन, एवढ्या एका विषमतेतून भीती दिसते. दोन्हींना सारखा वेळ दिला असता तर चेंडू नुसता झुलला असता. पुढे तो सावकाश १२ फ्रेममध्ये दबतो, आणखी थांबतो, आणि जेमतेम २ सेंटिमीटर उडून कडेबाहेर पडतो. खाली पडण्याचा वेळ निर्जीव चेंडूएवढाच, १२ फ्रेमहून किंचित जास्त. जमिनीवर तो चपटा होतो आणि उसळतच नाही; आठ-दहा फ्रेम घेत हळूहळू गोल होतो.

आता धीट चेंडू. तो ८ सेंटिमीटरच्या उड्या मारत येतो; ८ फ्रेम वर, ८ खाली. दोन उड्यांमध्ये थांबा नाही, फक्त २ फ्रेमचा स्क्वॉश. कडेशी तो थांबत नाही, पाहत नाही. तिथला स्क्वॉश ४ फ्रेमचा, थोडा खोल, आणि पुढच्या क्षणी तो टेबलावरून ८ सेंटिमीटर वर. तिथून जमीन २६ सेंटिमीटर खाली, म्हणून पडायला १४ फ्रेमहून थोडे जास्त लागतात. खाली आपटताच तो पुन्हा उसळतो आणि चौकटीबाहेर निघून जातो. दोन्ही चेंडूंचा रंग, आकार, टेबल सारखे आहे. हवेतले नियमही सारखे आहेत. बदलले ते थांबे, दबण्याचा वेळ आणि सुरुवात-शेवटाचा मंदपणा. पहिला प्रयोग विद्यार्थ्यांना आवडतो, कारण त्यात करायला खूप आहे; दुसरा जास्त अवघड आहे, कारण थांबे काढून टाकल्यावर प्रत्येक फ्रेमला आपली जागा अचूक हवी असते.

अशा कामाची तपासणी करण्याची जुनी रीत अजूनही सर्वांत चांगली आहे. चेंडूच्या केंद्राच्या सगळ्या जागा एका कागदावर ठिपक्यांनी मांडायच्या. संगणकावर ओनियन स्किन किंवा मोशन पाथ चालू करून तेच दिसते. ठिपके शिखराशी दाट आणि जमिनीजवळ विरळ हवेत, आणि त्यांना जोडणारी रेषा जमिनीवरचे टप्पे सोडले तर कुठेही अचानक मोडता कामा नये. ठिपके नीट असूनही हालचाल विचित्र वाटली तर दोष बहुधा आकारात असतो. तेव्हा स्क्वॉश आणि स्ट्रेच पूर्ण काढून टाकून साधे गोल वर्तुळ हलवून पाहावे. गोल वर्तुळाला वजन आहे असे वाटत नसेल तर आकार मोडून ते येणार नाही. स्क्वॉशने चांगले टायमिंग ठसठशीत होते. वाईट टायमिंग झाकण्याच्या प्रयत्नात मात्र चेंडू जेलीसारखा डुलू लागतो.

सगळ्याच वस्तू चपट्या होत नाहीत, हेही शिकणाऱ्याने लक्षात ठेवायचे असते. १९८६ मध्ये लॅसेटर यांनी केलेल्या ‘लक्झो ज्युनियर’ या लघुपटात एक छोटा टेबललॅम्प चेंडूशी खेळतो. लॅम्प धातूचा आहे, त्याचा कोणताही भाग ताणला किंवा दबला जात नाही. तरीही उडीच्या आधी तो सांध्यांत दुमडून खाली बसतो, उडताना सरळ ताठ होतो, आणि उतरल्यावर पुन्हा दुमडतो. स्क्वॉश आणि स्ट्रेच तिथे वस्तूच्या कातडीत नाहीत, सांध्यांच्या कोनांत आहेत. लॅसेटर यांच्या निबंधातही हे उदाहरण येते.

चेंडूकडून पात्राकडे जाण्याची वाट इथूनच निघते. उडी मारणाऱ्या माणसाचे गुडघे वाकतात तो स्क्वॉश, पाय सरळ होऊन जमीन सुटते तो स्ट्रेच, उतरल्यावर पुन्हा वाकतात तो आघाताचा स्क्वॉश. हवेत असताना त्याच्या कमरेची वाट जवळपास चेंडूच्याच वक्राने जाते, आणि तिला किती फ्रेम द्यायच्या हे उंचीच्या वर्गमुळावरूनच ठरते. म्हणून अनुभवी ॲनिमेटर पात्राची उडी करताना पुष्कळदा आधी कमरेच्या जागी नुसता चेंडू हलवून पाहतात. तो हवा तसा उडाला की त्यावर धड, मग पाय, मग हात आणि शेवटी चेहरा चढवतात. चालणेही याच पद्धतीने सुटते. दर पावलाला कंबर थोडी खाली जाते आणि वर येते; दमलेल्या माणसाची कंबर खाली जास्त वेळ राहते, उत्साही माणसाची वर. ही चेंडूचीच हालचाल आहे, फक्त लहान आणि आडवी पसरलेली. मधल्या टप्प्यावर पिठाच्या पोत्याचा सराव येतो: त्याला चार कोपरे आणि एक पोट असते, पण चेहरा अजूनही नसतो. कमरेच्या जागचा चेंडू बिघडलेला असेल तर वर चढवलेले कितीही सुंदर हात आणि डोळे ती उडी सावरू शकत नाहीत. अशा वेळी पात्राचे सारे थर लपवून, उघड्या चेंडूवर ठिपके पुन्हा मोजावे लागतात.